इडलीच्या पिठाच्या धंद्याला घरचा फ्रीज पुरेल की काचेचा कूलर घ्यावा?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा फोन आला. "दादा, फ्रीज गार करत नाही. गॅस गेलाय वाटतं." जाऊन पाहिलं तर गॅस व्यवस्थित होता. कंप्रेसर चालू होता, बाजूच्या भिंती तापलेल्या होत्या, बर्फाच्या कप्प्यात बर्फही होता. फक्त खालच्या जाळीवर ठेवलेली पिठाची पाकिटं फुगून गोल झाली होती आणि बाईंना गिऱ्हाइकांचे बोल खावे लागत होते.

ताई घरातून इडली-डोशाचं पीठ विकतात. सोलापूरच्या पूर्व भागात इडलीचं पीठ तयार घ्यायची सवय जुनी आहे, पण आता ती सगळ्या शहरात पसरली आहे. रोज १५ किलो पीठ, एक-एक किलोची पाकिटं, शिवाय दही आणि ताक, बरंचसं गिऱ्हाईक त्याचंच. फ्रीज घरातलाच, १९० लिटरचा एका दाराचा. सकाळी ७ ते ९ मध्ये साठेक गिऱ्हाईक, संध्याकाळी चाळीसेक, आणि घरच्या माणसांची उघडझाक वेगळी. दिवसाला दीडशे वेळा दार उघडतं म्हणायला हरकत नाही.

त्यांचा प्रश्न सरळ होता: "याच्यावरच भागेल, की काचेचा कूलर घेऊ?" फ्रीज दुरुस्तीच्या धंद्यात हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकू येतो. कुणी ताक विकतो, कुणी पनीर, कुणी किराणा दुकानात दुधाच्या पिशव्या ठेवतो. उत्तर प्रत्येकाला वेगळं असतं, पण हिशोब एकच आहे. म्हणून ताईंच्याच आकड्यांवर तो मांडतो.

घरच्या फ्रीजकडे सवड किती असते

फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीतलं पाणी मोटारीने उपसावं तसं. या आकाराच्या फ्रीजची मोटार साधारण शंभर वॅट उष्णता उपसते असं धरू. (वीज ती याहून कमी घेते, तो हिशोब निराळा.) पण दार दिवसभर बंद असलं तरी भिंतींतून उष्णता आत झिरपतच असते. घरात ३५ अंश असेल तर ही गळती चाळीसेक वॅटची. म्हणजे तुम्ही आत ठेवलेला माल गार करायला आणि दार उघडल्याची भरपाई करायला उरतात ६० वॅट. या ६० वॅटना मी फ्रीजची सवड म्हणतो. घरच्या वापरात ही सवड भरपूर असते. दूध, भाजी, रात्रीची उरलेली आमटी. एवढ्याने फ्रीज दमत नाही. कंप्रेसर थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो.

आता दार. उभ्या दाराच्या फ्रीजमधली थंड हवा जड असते. दार उघडलं की ती पाणी सांडावं तशी खालून पायांवर येते आणि वरून खोलीतली गरम हवा आत शिरते. उन्हाळ्यात फ्रीजसमोर अनवाणी उभं राहिलं की पायाला गार लागतं, ती हीच सांडलेली थंडी. निम्मा भरलेल्या फ्रीजमध्ये शंभरेक लिटर हवा असते आणि काही सेकंदांत तिची बरीचशी बदली होते. नव्या हवेला गार करायचं, शिवाय तिच्यातली वाफ पाणी होऊन आतल्या थंड पत्र्यावर बसते, तेव्हा ती आपली उष्णता तिथेच सोडते. दोन्ही मिळून एका उघडण्याची किंमत ६० वॅटच्या सवडीतली साधारण दोन मिनिटं. "कुठं ठेवलं गं ताक?" करत दार धरून उभं राहिलात तर तीन-चार.

दोन मिनिटं काहीच नाहीत, असं वाटेल. पण सकाळच्या गर्दीत तासाला तीस वेळा दार उघडलं तर तीस दुणे साठ. तासातली साठच्या साठ मिनिटं. म्हणजे कंप्रेसर अखंड चालून फक्त दाराची भरपाई करतो, आतल्या मालाला गार करायला त्याच्याकडे काही उरत नाही. गिऱ्हाईक तीसच्या वर गेलं की आतलं तापमान चढू लागतं. दिवसभराची बेरीज केली तर दीडशे वेळांचे पाच तास होतात, आणि चोवीस तासांत पाच तास सहज बसतात. अडचण बेरजेची नाही, एकाच वेळी येणाऱ्या लोंढ्याची आहे.

पण दारापेक्षा मोठा भार पिठाचा

हे ऐकून ताईंच्या घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण तोवर सगळा दोष दाराला आणि ते सारखं उघडणाऱ्या धाकट्याला दिला जात होता. पीठ आंबलं की ते रात्री ११ वाजता पाकिटं भरून आत ठेवायचे. एप्रिल-मेमध्ये आंबलेलं पीठ ३४ अंशांच्या आसपास असतं. असं १५ किलो पीठ ५ अंशांवर आणायला, ६० वॅटची सवड असली आणि दार एकदाही उघडलं नाही तरी, साडेसहा तासांहून जास्त लागतात.

आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात सवड ६० वॅट राहतच नाही. बाहेर ४२ अंश असताना बाजूच्या भिंतींना उष्णता टाकायला गार हवाच मिळत नाही, त्यामुळे उपसा कमी होतो. गळती मात्र वाढते. सवड पस्तीसेक वॅटवर येते. मग त्याच पिठाला साडेअकरा तास आणि दाराच्या प्रत्येक उघडण्याला साडेतीन-चार मिनिटं. रात्रीच्या थोड्या गारव्याचा फायदा धरला तरी ११ वाजता ठेवलेलं पीठ सकाळी ७ ला पुरतं गार झालेलं नसतं, तोच पहिलं गिऱ्हाईक दारात उभं. तिथून पुढे दोन तास तापमान खाली येतच नाही. पाकीट बारा-तेरा अंशांवर विकलं जातं, गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत आणखी तापतं आणि संध्याकाळी आंबट होऊन परत येतं. पीठ फुगतं त्याचं कारण आंबवणारे जीव जिवंतच असतात. ५ अंशांखाली ते जवळजवळ झोपतात, दहाच्या वर जागे होतात.

इथे एक गैरसमज. फ्रीज गार करत नाही म्हणून ताईंनी बटण सातवर फिरवून ठेवलं होतं. साध्या कंप्रेसरच्या फ्रीजमध्ये ते बटण उपशाचा वेग वाढवत नाही, कंप्रेसर कधी थांबायचा एवढंच ठरवतं. जो आधीच थांबत नाही त्याला "थांबू नकोस" सांगून उपयोग काय? उलट माल गार झाल्यावरही तो चालत राहतो आणि बर्फाच्या कप्प्यावर थर चढतो. एका दाराच्या फ्रीजमध्ये तापमान ओळखणारी नळी त्या कप्प्याच्या पत्र्याला लावलेली असते. तुमच्या पिठाचं तापमान तिला माहीतच नसतं.

पावसाळ्यातलं दुखणं वेगळं

मे महिन्यात सोलापूरची हवा कोरडी असते, त्यामुळे दारातून उष्णता येते पण वाफ तुलनेने कमी. जुलै ते सप्टेंबरमध्ये उलटं. हवा २८-३० अंशांची, पण ओलीचिंब. दीडशे वेळा दार उघडलं तर रोज पाव लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने आत जातं आणि बर्फाच्या कप्प्यावर दहिवरासारखं जमतं. बर्फाचा थर म्हणजे पत्र्यावर घातलेलं घोंगडं. तो बोटभर जाड झाला की कप्पा आतून थंड असूनही थंडी खाली उतरत नाही. एका दाराच्या फ्रीजमध्ये डिफ्रॉस्टचं बटण दाबून, रात्रभर बंद ठेवून तो काढता येतो. पण धंद्यात रात्रीच माल आत असतो, म्हणून लोक सुरीने बर्फ उकरतात. त्या पातळ पत्र्यातून गॅसचीच वाट गेलेली असते. सुरीचं टोक घुसलं की फुस्स करून गॅस जातो, आणि तो पत्रा पुन्हा सांधणं फार कटकटीचं. दर पावसाळ्यात अशी दोन-तीन कामं माझ्याकडे येतात.

दोन दारांच्या, आपोआप बर्फ वितळणाऱ्या फ्रीजमध्ये हाच बर्फ डोळ्यांआड, मागच्या कॉइलवर बसतो. छोटा हीटर तो ठराविक काळाने वितळवतो, पण तो काळ घरच्या वापराच्या हिशोबाने ठरवलेला. दुकानात बर्फ त्याच्या आधी साठतो, हवेची वाट बुजते, पंखा फिरतो पण हवा खाली येत नाही. खूण एकदम ठळक आहे: वरच्या खान्यात आइस्क्रीम दगडासारखं आणि खाली दूध कोमट. असं दिसलं की लोक गॅस भरायला सांगतात. गॅस कमी झालेला नसतो. फ्रीज रिकामा करून दारं उघडी ठेवून एक दिवस बंद ठेवला की आठवडा-दोन आठवडे बरा चालतो आणि पुन्हा तेच. असं झालं तर वापर फ्रीजच्या ऐपतीबाहेर गेला आहे, एवढं समजावं. अर्थात हीटर किंवा त्याचा सेन्सर गेला तरी लक्षण हेच दिसतं, म्हणून एकदा तेही तपासून घ्यायचं.

कंप्रेसर अखंड चालला तर लगेच जळतो असं नाही. तो तापतो, आतलं तेल पातळ होतं, वरचा ओव्हरलोड नावाचा छोटा स्वयंचलित स्विच त्याला बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायला बघतो. व्होल्टेज कमी असेल तर सुरू होत नाही. मग टक्... टक्... असा आवाज दर दोन-तीन मिनिटांनी येत राहतो. तो ऐकू आला की फ्रीज बंद करून पंधरा मिनिटं थांबा. ओढून-ताणून चालवू नका. दाराचंही तसंच. घरच्या वापराच्या हिशोबाचं बिजागर आणि रबर दीडशे उघडण्यांनी वेगाने झिजतं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून रात्रभर गळती चालू आहे.

कूलर घेण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचं काम

नळीवाला डिजिटल थर्मामीटर बाजारात स्वस्तात मिळतो. त्याची नळी हवेत न ठेवता पाण्याने भरलेल्या पेल्यात ठेवा आणि पेला मालाच्या मध्ये. हवेचं तापमान दार उघडलं की उड्या मारतं, पाण्याचं तुमच्या मालासारखं हळू चालतं. सकाळी गर्दीआधी, गर्दी संपल्यावर आणि दुपारी बाराला आकडा लिहून ठेवा, आठ दिवस. अन्नसुरक्षेच्या नियमांत गार ठेवायचा नाशवंत माल ५ अंश किंवा त्याखाली हवा. गर्दीनंतर सात-आठपर्यंत चढून दुपारपर्यंत पाचवर परतत असेल तर फ्रीज तग धरून आहे, थोडी शिस्त लावली की पुरेल. पहाटेलाच आठच्या वर असेल तर दाराला दोष देऊ नका, माल जास्त आहे.

ताईंचा आकडा पहाटे ११, गर्दीनंतर १४. आता पर्याय शेजारी शेजारी ठेवू.

आहे तोच फ्रीज, पण शिस्तीने

खर्च जवळजवळ शून्य. यातली खरी युक्ती म्हणजे गर्दीच्या वेळी फ्रीज उघडायचाच नाही. थर्माकोलचा झाकणवाला खोका, मासळीवाले वापरतात तसा, दारापाशी ठेवायचा. त्यात एक-एक लिटरच्या दोन बाटल्या गोठवून घालायच्या आणि सकाळी ७ ला एकदाच सकाळच्या विक्रीचा माल काढून ठेवायचा. खोका वरून उघडतो, म्हणून त्यातली थंड हवा सांडत नाही, जागेवर बसून राहते. दोन तासांत साठ वेळा झाकण उघडलं तरी दोन बाटल्या पुरून उरतात. फ्रीजचं दार साठऐवजी पाच-सहा वेळा उघडतं. बाटल्या दहा वाजता परत आत, म्हणजे दुपारच्या निवांत वेळात त्या पुन्हा गोठतात. फ्रीजला सवड आहे तेव्हा काम देणं, एवढाच यातला डाव.

दुसरी गोष्ट पिठाची. डबा थेट फ्रीजमध्ये न घालता माठाच्या पाण्याच्या घमेल्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, मधे एकदा ढवळा. आपल्याकडे हवा कोरडी असल्यामुळे उन्हाळ्यात माठाचं पाणी चांगलं गार असतं. पीठ ३४ वरून २८ वर आलं तरी फ्रीजचं एक पंचमांश काम वाचलं. पाकिटं एकावर एक न रचता एका थरात, मध्ये बोटभर फट ठेवून मांडायची. मोठ्या भगुण्यातलं पीठ मध्यभागी सकाळपर्यंत कोमटच राहतं.

या मार्गाची मर्यादा मात्र पक्की आहे. हिवाळ्यात १५ किलो आरामात, पावसाळ्यात जेमतेम, मे महिन्यात नाही. माझ्या अंदाजाने १९० लिटरच्या फ्रीजवर मेमध्ये सात-आठ किलोच्या वर आंबलेलं पीठ चालवू नये. शिवाय वॉरंटीचं कार्ड वाचा. बहुतेक घरगुती फ्रीजवर धंद्यासाठी वापरल्यास वॉरंटी लागू नाही असं लिहिलेलं असतं. आणि दारावरच्या स्टारवर जाऊ नका. तो आकडा दार बंद ठेवून केलेल्या चाचणीचा आहे.

आणखी एक घरगुती फ्रीज

लोकांना हा पर्याय सुचत नाही, पण पिठासारख्या मालाला तो वाईट नाही. एका दाराचा नवा फ्रीज पंधरा-अठरा हजारांत येतो. एक फ्रीज रात्री गार करायला, ज्याचं दार सकाळी एकदाच उघडेल, आणि दुसरा घरचा व विक्रीचा. सवड थेट दुप्पट होते. लोंढा मात्र एकाच दारावर येतो, म्हणून थर्माकोलचा खोका हवाच. इन्व्हर्टर कंप्रेसरवाला घेतला तर तो गरजेप्रमाणे वेग वाढवतो आणि कमी व्होल्टेजलाही हळुवार सुरू होतो. पण त्याच्या वेगालाही टोक आहे. त्या पाटीवर भुलून वीस किलो पीठ कोंबू नका. घेताना मागे किंवा खाली तापमानाचा वर्ग बघा: टी म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी ३८ पर्यंत, एन ३२ पर्यंत. सोलापुरात टीच्या खाली बघूच नये. पत्र्याच्या खोलीत ठेवणार असाल तर टीही मे महिन्यात काठावर असतो.

काचेचा उभा कूलर, म्हणजे व्हिसी कूलर

दुकानांत थंड पेयांचा दिसतो तोच. कंप्रेसर मोठा, उष्णता बाहेर टाकणाऱ्या मागच्या कॉइलवर पंखा, आत थंड हवा फिरवणारा दुसरा पंखा, दार आपोआप लागणारं. आतला पंखा हा घरच्या एकदारी फ्रीजपेक्षा सगळ्यात मोठा फरक आहे. दार लागल्याबरोबर थंड हवा पाकिटांवरून फिरते, म्हणून गर्दीत चढलेला आकडा पाच-दहा मिनिटांत उतरायला लागतो. गिऱ्हाइकाला माल बाहेरून दिसतो, शोधाशोधीत दार उघडं राहत नाही. ताईंचं १५ किलो पीठ हा रात्रभरात खाली आणतो आणि सकाळची गर्दीही सोसतो.

मग सगळ्यांनी हाच का घेऊ नये? एक, काच. काचेतून उष्णता भिंतीपेक्षा कितीतरी जास्त गळते. अडीचशे लिटरचा कूलर रोज तीनेक युनिट खाऊ शकतो. ताईंचा फ्रीज दीडशे उघडण्यांसकट दीडेक युनिटच्या आसपास. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला साडेचारशेचा फरक. दोन, त्यात बर्फाचा कप्पा नाही, म्हणून बाटल्या गोठवायला घरचा फ्रीज लागतोच. तीन, पंखे आवाज करतात. बैठकीच्या खोलीत रात्री ते खटकतं. आणि चौथी गोष्ट खास सोलापूरची: मागच्या कॉइलवर पंखा हवा ओढतो, तिच्याबरोबर धूळ आणि सुताचे तंतू. टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या आसपास मी कॉइलवर गादीसारखा थर पाहिला आहे. तसा थर चढला की हा कूलर घरच्या फ्रीजपेक्षाही वाईट चालतो. दर महिन्याला, कारखान्याजवळ असाल तर पंधरा दिवसांनी, वीज बंद करून मऊ ब्रशने खालून कॉइल झाडायचं. घरच्या फ्रीजमध्ये ही नळी बहुधा भिंतीत असते, म्हणून ती कटकट नसते. तिथे फक्त दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोडायची.

किंमत बावीस-पंचवीस हजारांपासून पुढे. कूलर २ ते ८ अंशांचा असं म्हणतात, तर बटण असं ठेवा की पेल्यातलं पाणी ४ वर राहील. थंड पेयांच्या कंपन्या दुकानात कूलर फुकट ठेवतात तो मोह असतो, पण त्यात त्यांचाच माल ठेवायची अट असते. त्यात दुधाच्या पिशव्या ठेवून वाद झालेले मी पाहिलेत. जुना घ्यायचा असेल तर विक्रेत्यापाशी दोन तास चालवून, आत पाण्याचा पेला ठेवूनच बघा. रिकाम्या कूलरची हवा अर्ध्या तासात गार होते, त्यावरून काही कळत नाही.

आडवा डीप फ्रीझर, गार करण्याच्या बटणासह

वरून झाकण उघडतं, म्हणून दाराचा प्रश्न जवळजवळ संपतो. काही मॉडेलना बटणाने फ्रीझरऐवजी नुसतं गार ठेवता येतं. दुधाच्या पिशव्या, ताकाच्या बाटल्या, पनीर यांसाठी किराणा दुकानाला हा काचेच्या कूलरपेक्षा कमी विजेचा मार्ग आहे. पिठाला मला तो पटत नाही. तळाची पाकिटं तळातच राहतात, वरची विकली जातात आणि चार दिवसांचं पीठ हाती लागतं. भिंतीला चिकटलेलं पाकीट गोठतं, गोठलेल्या पिठाची इडली दडदडीत होते. वाकून काढायला कंबर लागते ती वेगळीच.

मग कुणी काय करावं

दिवसाला चाळीस-पन्नास उघडण्यांपर्यंत आणि माल आधीच गार येत असेल, म्हणजे डेअरीतून थंड पिशव्या येतात आणि तशाच विकल्या जातात, तर घरचा फ्रीज आणि खोका पुरेसा. माल घरात तयार होऊन कोमट आत जात असेल तर उघडण्यांपेक्षा किलो मोजा. पाच-सात किलोपर्यंत घरचा, पंधरापर्यंत दोन घरगुती किंवा एक काचेचा, त्यापुढे काचेचाच. गिऱ्हाईक स्वतः दार उघडून माल घेत असेल तर आकडा कितीही असो, काचेचा. परक्या माणसाच्या हातात घरच्या फ्रीजचं दार फार दिवस टिकत नाही.

ताईंचं गणित आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून केलं. रोज दोन किलो पीठ आंबट होऊन फुकट जात होतं. किलो ६० रुपयांना विकतात, म्हणजे १२० रुपये, महिन्याला ३६००. काचेच्या कूलरचं वाढीव बिल साडेचारशे. पंचवीस हजारांचा कूलर आठ-नऊ महिन्यांत वसूल होतो असं कागदावर दिसलं. पण नुकसान फक्त मार्च ते जूनमध्ये होतं, हिवाळ्यात पाव किलोही जात नाही. चार महिन्यांचं नुकसान चौदा हजार धरा, त्यातून वर्षभराचं जास्तीचं बिल साडेपाच हजार वजा करा, उरले साडेआठ-नऊ हजार. म्हणजे वसुलीला जवळजवळ तीन वर्षं. मी त्यांना कूलर घ्याच असं सांगितलं नाही.

त्यांनी त्या आठवड्यात थर्माकोलचा खोका आणला, पीठ घमेल्यात गार करायला लागल्या आणि जूनपर्यंत १५ ऐवजी दहा किलोवर आल्या. पहाटेचा आकडा ६ वर आला, गर्दीनंतर ७. थर्मामीटरची नळी अजून त्या पेल्यातच आहे. दिवाळीनंतर ऑर्डर वीस किलोवर गेली तर कूलरचं बघू म्हणाल्या आहेत, फक्त तो ठेवायचा कुठे यावर सासूबाईंचा निकाल व्हायचाय.